तळ्याच्या प्रकल्पाचं नाव

महाडहून पोलादपूरकडे जाणाऱ्या रस्त्याला एक फाटा फुटतो. त्या फाट्यावरच्या गावातल्या हायस्कुलात मी विज्ञान शिकवायला लागले, तेव्हा नव्वदचं दशक सरत आलं होतं. शाळेच्या मागच्या खिडकीतून तळं दिसायचं. नववीच्या वर्गात फळ्याकडे पाठ करून उभी राहिले, की मुलांच्या डोक्यांवरून ते माझ्या नजरेत यायचं. दुपारी ऊन तिरपं झालं की तळ्याचा उजेड वर्गाच्या छतावर हलायचा. परागीभवन शिकवता शिकवता मी मध्येच थांबायची आणि मुलंही वर बघायची. त्या छतावरच्या उजेडाबद्दल आम्ही कधी एकमेकांशी बोललो नाही.

तळ्याच्या एका काठाला कपडे धुण्याचे दगड होते, दुसऱ्या काठाला म्हशी उतरायच्या. पलीकडे मशिदीची पांढरी भिंत पाण्यात उलटी पडलेली असायची. गणपती तिथेच बोळवले जायचे. पिण्याचं पाणी विहिरीचं, पण तळ्यावाचून गावाचा दिवस जायचा नाही.

त्या वर्षी हेडमास्तरांनी विज्ञान मंडळ सुरू करायला सांगितलं. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी एक प्रकल्प हवा होता. तळं समोरच होतं. पाण्याचं तापमान मोजायचं, लिटमससारख्या पण जास्त रंग दाखवणाऱ्या कागदाच्या पट्टीने आम्ल-अल्कली बघायचं आणि पाणी किती स्वच्छ आहे ते ताटलीने मोजायचं. ही ताटली आम्ही रंगाच्या डब्याच्या झाकणाची केली. तिचे चार भाग पाडून समोरासमोरचे दोन काळे आणि दोन पांढरे रंगवले, खाली दगड बांधला आणि वरून दोरी. दोरीला ठरावीक अंतरावर गाठी. होडीच्या सावलीच्या बाजूने ती हळूहळू पाण्यात सोडायची. दिसेनाशी झाली की दोरीवर खूण करायची, मग वर ओढायची, पुन्हा दिसू लागली की दुसरी खूण. दोन्हींची सरासरी म्हणजे त्या दिवशीच्या पाण्याची पारदर्शकता.

हेडमास्तरांनी प्रकल्पाला नाव दिलं, ‘ग्रामीण तलावातील जलगुणवत्तेचे नियतकालिक निरीक्षण व अभ्यास’. शनिवारी शाळा सुटल्यावर मंडळ भरायचं. पहिल्या शनिवारी अर्धा वर्ग आला आणि पुढच्या शनिवारी मोजकेच. मी विचारलं, बाकीचे कुठे गेले, तेव्हा नववीतला एक वाचाळ मुलगा म्हणाला की घरी काय सांगायचं तेच पोरांना कळत नाही. ‘नियतकालिक’ म्हणेपर्यंत आई कामाला लावते. सगळे हसले. मलाही हसू आलं, कारण ते खरं होतं. ज्याचं नाव जिभेवर बसत नाही, त्याच्या मागे पोरं कशी धावतील? मी हेडमास्तरांकडे गेले. ते पुण्याला शिकलेले, भाषेबाबत काटेकोर. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले की लांब नाव तक्त्यावर खाली बारीक अक्षरात राहू द्या, वर मुलांना आवडेल ते लिहा.

मग एक अख्खा शनिवार नावात गेला. फळा भरला. ‘जलरक्षक’ नाव शेजारच्या दोन शाळांनी आधीच उचललेलं होतं. कुणी ‘मिशन तलाव’ म्हणालं, तर ज्याचा भाऊ मुंबईला होता त्याला ‘वॉटर टीम’ हवं होतं. शेवटी वाचाळ मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, ‘तळ्याचे डॉक्टर’. वर्गात एकदम जीव आला. थर्मामीटर तर हातात होताच. पांढरे सदरे घालू, कानात नळी अडकवू, असं कुणीकुणी बोलू लागलं. मलाही ते आवडलं. कुवेतहून परतलेल्या गावातल्या कापड दुकानदाराने पांढऱ्या मांजरपाटाचा तुकडा दिला. मुलांनी त्यावर निळ्या अक्षरात नाव लिहिलं आणि काठावरच्या दोन झाडांना बांधलं. पुढच्या शनिवारी होडीत बसायला रांग लागली.

होडी एका मुलीच्या वडिलांची. तळ्यातली रोहू-कटला तेच धरायचे आणि तिची आई महाडच्या बाजारात नेऊन विकायची. दोरी धरण्यात त्या मुलीसारखं कुणी नव्हतं. बाकीची पोरं घाईत दोरी सोडायची. ती मात्र ताटली अशी उतरवायची, की जणू झोपलेल्या कुणाला उठवायचं नाही. काळे-पांढरे तुकडे हिरवट होत जायचे, मग एकच फिकट ठिपका उरायचा, मग तोही पाणीच होऊन जायचा. मी पाण्यावर वाकलेली असायची आणि ठिपका संपल्यावरही काही वेळ तिथेच बघत राहायची. वाटायचं, आपणच सावकाश खाली जातोय आणि वरून कुणीतरी आपल्याला बघतंय.

फलक लागल्यानंतरच्या तिसऱ्या शनिवारी ती मुलगी आली नाही. त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही. वर्गात असायची, पण मंडळाचं नाव काढलं की मान खाली. होडी मात्र काठाला बांधलेली असायची, आम्हाला कुणी अडवलं नव्हतं. मी संध्याकाळी तिच्या घरी गेले. तिची आई ओट्यावर बसून विळीची धार बघत होती. तिने मला पाट दिला, चहा ठेवला आणि बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली. मग चहाची कपबशी माझ्या हातात देत म्हणाली,

“बाई, तुमी शिकवताव ता बरोबरच असंल. पन तल्याला काय झालाय, म्हनून डाक्टर लागला?”

मी म्हणाले, तसं काही नाही, ते आपलं मुलांचं नाव.

“मुलांचा हाय, तर बाजारात कशाला आला? परवा एक बाय मासा हातात घेऊन इचारते, ह्यो त्या आजारी तल्याचाच ना? आनि ठेवून गेली.” ती रागावली नव्हती. नुसतं घडलेलं सांगत होती. “तुमी पानी तपासलाव काय पुरता? मंग सांगा ना, आजारी हाय का नाय.”

आमची मोजणी जेमतेम सुरू झाली होती. पावसाचा गढूळपणा नुकता बसत होता आणि दर आठवड्याला ताटली थोडी जास्त खोलवर दिसत होती. म्हणजे तळं सुधारतच होतं. आम्ही मात्र मोजायच्या आधीच झाडावर निकाल टांगून ठेवला होता. मुलगी दाराच्या आड उभी होती. परत येताना काठावरून आले. वाऱ्याने फलक फुगला होता आणि पाण्यावर त्याची सावली हलत होती. अक्षरं सुरेख होती, ते बघून जास्तच वाईट वाटलं.

सोमवारी मी वर्गात सगळं सांगितलं, मुलीचं घर न सांगता. पण लहान गाव, सगळ्यांना कळलंच. मग मी विचारलं, की तळ्याला चांगलंही म्हणायचं नाही आणि वाईटही नाही, असं नाव सुचतंय का? कुणालाच सुचेना. मी म्हटलं, असू दे, आज नावाशिवायच मोजू. जेवणाच्या सुट्टीत ऊन डोक्यावर असताना आम्ही काठावर गेलो. मी त्या मुलीकडे बघितलं. ती जरा थांबली आणि होडीत येऊन बसली.

तिने दोरी सोडायला सुरुवात केली. काठावर राहिलेली पोरं नेहमीसारखी ओरडली, “दिसतंय काय?”

होडीतून वाकलेला मुलगा म्हणाला, “दिसतंय.”

पुन्हा काठावरून, “दिसतंय काय?”

“जरासा दिसतंय.”

मग तो फिकट ठिपकाही पाण्यात मिसळून गेला. पाण्यावरून वारा गेला. दोरीवरचा हात न हलवता ती मुलगी माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, “बाई, ह्येच नाव ठेवूया.”

मला आधी कळलंच नाही. मग तिने जरा मोठ्याने पुन्हा सांगितलं, आपण दर वेळी हेच तर ओरडतो. वाचाळ मुलाने काठावरून ते ऐकलं आणि दोन्ही हात तोंडाशी धरून तळ्यावर आवाज सोडला. समोरच्या काठावर कपडे धुणाऱ्या बाया थांबून बघू लागल्या. त्यांतली एक हसून म्हणाली, “दिसतंय, दिसतंय.” नाव ठरलं ते तिथेच. मतदान घ्यावं लागलं नाही.

फलक उलटा करून मागच्या बाजूला लिहिला. ‘दिसतंय काय?’ एवढंच. हेडमास्तरांना ते बोलीतलं वाटलं. ‘दिसतं का’ करा म्हणाले. मी विनंती केली की पोरं ओरडतात तसंच असू द्या. त्यांनी पुन्हा चष्मा पुसला आणि प्रश्नचिन्ह मात्र ठळक काढायला सांगितलं.

प्रदर्शनात बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांना नाव पोरकट वाटलं असावं, पण त्यांनी पट्टीबद्दल खोदून खोदून विचारलं. दुपारी पाणी सकाळपेक्षा जास्त अल्कधर्मी का होतं, हे त्या मुलीने नीट सांगितलं. पाण्यातलं शेवाळ उन्हात आपलं अन्न करतं, तेव्हा पाण्यातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि आम्लता उतरते. शाळेत परतल्यावर पाचवी-सहावीची पोरं आपणहून मंडळात आली. त्यांना गुणवत्ता वगैरे ठाऊक नव्हतं, त्यांना काठावरून ओरडायचं होतं.

फाल्गुनात पाणी आटत गेलं आणि हिरवं होऊ लागलं. ताटली आता लवकर नाहीशी व्हायची. आलेख खाली उतरला. मला काळजी वाटली, की आता पुन्हा कुणाच्या माशाला नावं ठेवली जातील. पण गावात कुणी रागावलं नाही. रस्त्यात माणसं मुलांना थांबवून विचारायची, “काय रे, दिसतंय काय?” आणि पोरं सांगायची, “नाय, कमी झालाय.” मग का कमी झालं, हे बोलणं आपोआप निघायचं. साबणाचं पाणी, शेण, आटलेलं तळं, या सगळ्यावर शेवाळ माजतं, हे मुलांनीच घरोघर सांगितलं. काही बायांनी धुण्याचे दगड काठापासून मागे नेले, बादलीने पाणी काढून तिथे धुऊ लागल्या. सगळ्यांनी नाही. म्हशी उतरायच्या तशाच उतरत राहिल्या. त्या मुलीची आई एकदा शाळेच्या फाटकाशी टोपली टेकवून उभी होती. मला म्हणाली, “गिऱ्हाइकाला मीच सांगते, पोरी मोजतात आमच्या.”

पुढे माझी बदली कुडपणच्या वाटेवरच्या एका वाडीतल्या शाळेत झाली. तिथे तळं नव्हतं, डोंगरातून उतरणारा ओढा होता. सकाळी धुकं इतकं खाली यायचं, की घंटा ऐकू यायची पण शाळा दिसायची नाही. तिथेही मंडळ काढलं. मी मुलांना जुनं नाव सांगितलं, हौसेने. त्यांनी ऐकून घेतलं. मग एक मुलगी म्हणाली, “बाई, आमच्या व्हालात तर घोटाभर पानी, सगलाच दिसतंय की.” आणि त्यांनी आपसात कुजबुजून ‘खळखळ’ हे नाव पुढे केलं. मी खडू घेतला आणि फळ्यावर तेच लिहिलं.