एक्सच्या डोक्यावरचा दोन

मुलगी दहावीला होती आणि बोर्डाला दोन महिने उरले होते. भवानीनगरच्या साखर कारखान्यावर उसाची ट्रॉली पोचवून मी संध्याकाळी घरी आलो, तर ही बाई पुस्तक उघडं टाकून मोबाइलमध्ये बघून हसत होती. माझं डोकंच सटकलं.

"आण हिकडं त्यो फोन. परीक्षा झाल्यावर मिळंल."

"आबा, सरांचा सराव पेपर रोज सातला ग्रुपवर येतो. सोडवून नऊला फोटो टाकायचा, मग सर तपासत्यात. फोन गेला तर माझं गणित गेलं."

सहामाहीला ती गणितात काठावर सुटली होती. मी नमलो. "मग टायमर लाव. येळ संपली की बंद."

"मीच लावलेला टायमर मीच काढीन की! त्यापरास रील्सचं ॲपच काढते, बाकीचे ग्रुप म्यूट करते आणि फोन तुमच्यापाशी ठेवते. पण आधी तुमचा बघू द्या."

मी ऐटीत दिला. तिनं सेटिंगमध्ये जाऊन आकडा काढला. दिवसाला तीन तास चाळीस मिनिटं, त्यातले निम्मे रील्सचे, म्हणजे बैलगाडा शर्यतींचे! चुलीपाशी बसलेली बायको एवढ्या मोठ्यानं हसली की माझी पार शोभा झाली.

"मला ऊसतोडीचे फोन येत्यात."

"रिंग मोठी ठेवा. आला तर घ्या. पण रील न्हाय."

ठरलं. सात ते नऊ दोन्ही फोन ज्वारीच्या डब्यावर. तिला स्क्रीनकडे बघायलाच नको म्हणून पेपर मी तिच्या फोनवरून वाचून दाखवायचा, फक्त आकृत्या तिनं बघायच्या. माझी शाळा सातवीत सुटलेली. पहिल्या दिवशी मी वाचलं, "एक्स, त्येच्या डोक्यावर बारका दोन..."

"एक्सचा वर्ग, आबा!" ती हसता हसता लोळायची बाकी राहिली.

पंधरा दिवसांत मीच विचारायला लागलो, "काय गं, एक्सची दोन्ही उत्तरं निघाली का?" नऊनंतर पंधरा मिनिटं ती अडलेलं सरांना विचारायची, मी शेजारी कान देऊन बसायचो. एकदा वीसपैकी अठरा पडले, तेव्हा मी अंगणात जाऊन ओरडलोच. शेजारच्यांना वाटलं, तोडीची टोळी आली.

शेवटचा पेपर झाला. तिनं माझा फोन हातावर ठेवला. "घ्या, सुटलात."

सात वाजले. शर्यत लावली, पण मन काही लागेना. घर फार गप्प वाटलं. शेवटी लाजतच विचारलं, "एखादा जुना पेपर हाय का गं?"

तिनं वही माझ्यापुढं सरकवली आणि पेन दिला.

"ह्या बारीला तुमी सोडवायचा. मी सांगते. लिवा, एक्सचा वर्ग..."

मी एक्स काढला आणि त्याच्या डोक्यावर, जपून, बारका दोन.