तक्त्यातलं बंद घर

भूगोलाच्या तक्त्यांच्या बाबतीत माझा हात कुणी धरू शकत नाही, असं मी स्वतःच सांगत फिरते. जामखेड तालुक्यातल्या आमच्या माध्यमिक शाळेत वीस वर्षं हा विषय शिकवतेय. “तक्ता आधी वाचा, मग पेन उचला,” हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय की मुलं माझी नक्कल करताना तेच म्हणतात.

नववीच्या सहामाही परीक्षेला मी स्वतः तयार केलेला तक्ता दिला होता. शाळेजवळच्या एका वस्तीची लोकसंख्या. मोजणी आमच्याच मुलांनी प्रकल्प म्हणून घरोघर जाऊन केलेली, एका वर्षी जूनमध्ये आणि पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये. घरं दोन्ही वेळा तेवढीच, माणसं मात्र दुसऱ्या वेळी जेमतेम निम्मी. महिन्यांची टीप खाली बारीक अक्षरात दिली होती, कारण टीप नसलेला तक्ता मला खपत नाही. प्रश्न होता, लोकसंख्येत काय बदल झाला ते सांगून कारणे लिहा. गुण चार. लोकसंख्या घटली, कायमचं स्थलांतर, जन्मदर कमी, असं आदर्श उत्तर मी एका झटक्यात लिहून ठेवलं होतं.

एका मुलीनं लिहिलं होतं, ‘लोकसंख्या घटली असे या तक्त्यावरून सांगता येत नाही. एक मोजणी जूनची आहे व एक डिसेंबरची. घरे तेवढीच आहेत.’

मी लाल पेनानं काट मारली, भोपळा दिला आणि शेजारी ठसक्यात लिहिलं, ‘तक्ता नीट वाचा.’ तिची बेरीज झाली चाळीसपैकी बारा. पासाला चौदा लागतात.

पेपर वाटले त्या दुपारी ती वडिलांना घेऊन आली. ते ऊसतोडीला जाणारे. दोनच दिवसांनी टोळी निघणार होती. पोरगी सगळ्या विषयांत पास झाली तर तिला चुलतीकडे ठेवायची, नाहीतर कारखान्यावर न्यायची, असं घरात ठरलं होतं. मागच्या हंगामात तिची निम्मी शाळा अशीच बुडाली होती. बाकीचे विषय तिनं कसेबसे काढले होते. अडली होती ती माझ्यापाशी.

“नापास झाली न्हवं? मग नेतो संगं,” वडील म्हणाले. रागानं नाही, आपलं सरळ.

ती रडली नाही. पेपर माझ्यापुढे सरकवून म्हणाली, “मॅडम, मी तक्ता वाचलाय. डिसेंबरात आमची वस्ती उसाला गेलेली असती. पोरं मोजायला आली तवा कुलपं हुती. कुलपाच्या घरापुढं त्यांनी शून्य लिवलं, त्यांनीच सांगितलं मला. आमच्या घरापुढं बी शून्यच हाय. आमी पाच जण हाओत की.”

मला आधी रागच आला. आता खोटं कशाला सांगू? तडक कपाटातून प्रकल्पाची वही काढली, तिला खोडून काढायलाच. तिच्या घराच्या ओळीत जूनला पाच होते आणि डिसेंबरला शून्य. त्याच्या खाली आणखी शून्यं, ओळीनं. वही मीच तपासलेली, खाली सही माझीच.

मला भयंकर लाज वाटली. दोन वेगळ्या हंगामांतले आकडे शेजारी ठेवून मी घट शोधत बसले होते. जूनची तुलना जूनशी करायची, हे मीच तर शिकवते! घर बंद म्हणजे त्यात माणसं नाहीत, हे मोजणाऱ्या पोरांनी ठरवलं आणि मी ते छापलं.

मी काट खोडली आणि चारपैकी चार दिले. दया म्हणून एक गुणही दिलेला नाही, हे तिच्या वडिलांना दोनदा बजावलं. “सोळा झाले. पास आहे. आणि ह्या प्रश्नात ती माझ्यापेक्षा हुशार निघाली.”

ते वहीतल्या शून्याकडे बघत होते. “आमी ह्यात न्हाईच व्हय?” त्यांनी विचारलं. मग तिच्याकडे वळून म्हणाले, “ऱ्हा मग चुलतीकडं.”

बाकीचे पेपरही मी पुन्हा तपासले, आणि चुकीचा तक्ता कसा ओळखायचा यावर दोन तास घेतले. चूक माझी होती म्हणून तर ते इतके छान झाले.

डिसेंबरात वस्ती पुन्हा मोजली, आता वेगळे रकाने पाडून. वही तिच्याच हातात दिली. आपल्या घराच्या कुलपासमोर उभं राहून तिनं लिहिलं, ‘घर बंद. राहणारे पाच. बाहेरगावी चार. हजर एक.’

मग शेजारच्या दाराकडे बोट दाखवून म्हणाली, “मॅडम, चुलतीच्या घरात मला धरू नका बरं का. मला हितं मोजलंय.”