बॉयलरवरचा माणूस आणि तंदुरी

माझे वडील कोराडीच्या वीज केंद्रात बॉयलरवर होते. त्यामुळे निवृत्तीनंतर घरी ओव्हन आला, तेव्हा आगीचा विभाग त्यांनी न विचारताच ताब्यात घेतला. कोंबडीला चिरा मी पाडल्या, मीठ-लिंबू-तिखट मी चोळलं, फडक्यात बांधून पाणी काढलेल्या दह्यात रात्रभर मुरायला मीच ठेवली. रविवारी बाबांनी ओव्हन तापवला, ग्रिल लावलं, जाळी वरच्या खणात सरकवली आणि खाली रस गळायला ट्रे ठेवला. इथवर काही चुकलं नव्हतं.

मग ते समोर स्टूल टाकून बसले आणि सारखं दार उघडून बघू लागले. दरवेळी आतली धग बाहेर येई आणि त्यांचा चष्मा धुरकट होई.

“बाबा, काहून उघडून राहिले दार? काचेतून दिसते ना.”

“जाळ दिसल्याशिवाय मले समजत नाही.”

ग्रिलच्या विजेवर तापणाऱ्या कांडीला जाळ नसतो, हे मी सांगितलं. त्यांनी पुन्हा दार उघडलं.

कोंबडी शेवटी शिजली, पण काळा डाग एकही नाही. पथ्याचं जेवण वाटत होतं. मग आईनं गॅस पेटवला, एकेक तुकडा चिमट्यात धरला आणि भरताच्या वांग्यासारखा थेट आचेवर फिरवला. कडा करपल्या, घरभर खमंग वास सुटला.

बाबांनी तंगडी चाटूनपुसून संपवली.

“मी म्हणत नव्हतो का?” ते मला म्हणाले, “जाळ दिसला पाहिजे.”