तीन मिनिटांची मनकर्णाबाई

करमाडच्या शाळेत करुणा साळवे बाईंना अठरा वर्षं झाली. पुंडलिकनगरहून त्या रोज एसटीनं येत, आणि प्रवासात न्यायाचा विचार करत. गटकार्य म्हणजे एकानं राबायचं आणि चौघांनी गुण खायचे, हे त्या स्वतः सातवीत शिकल्या होत्या. तेव्हा रात्रभर जागून तक्ता त्यांनी रंगवला. बक्षीस घ्यायला स्टेजवर गेला तो अक्षर बरं नसलेला, पण आडनाव वजनदार असलेला गटप्रमुख.

म्हणून नववीच्या व्हिडिओ प्रकल्पाचा कागद त्यांनी दिवाळीच्या सुट्टीत चार वेळा लिहिला. विषय, गावातून नाहीशी होत चाललेली कामं. चौघांचा गट, चार कामं: प्रश्न, कॅमेरा, निवेदन, संकलन. वाटप चिठ्ठ्या टाकून. वीस गुणांपैकी बारा गटाचे. आठ ज्याचे त्याचे, आणि तेही पुराव्यावर. प्रश्नवाल्यानं प्रश्नांची वही द्यायची. निवेदन शेवटच्या बाकावर ऐकू आलं तर पूर्ण गुण, कान टवकारावे लागले तर निम्मे. संकलनवाल्यानं काय कापलं आणि का, याची नोंद मिनिटासकट लिहायची. व्हिडिओ तीन मिनिटांच्या वर गेला तर दोन गुण वजा. घरचा मोबाईल वापरायचा नाही, कारण तो सगळ्यांकडे नसतो. शाळेचा एकच टॅब, गटागटानं एक आठवडा. तळाशी, ठळक अक्षरात: टॅब परत करताना मेमरी रिकामी हवी, टॅबमधल्या कचरापेटीसकट. आदल्या वर्षी शेवटच्या गटाला जागाच उरली नव्हती.

मुख्याध्यापक राजेंद्र सरांनी कागद वाचून एवढंच विचारलं, की यात नापास व्हायला जागा कुठाय.

तनुजाच्या वाट्याला संकलन आलं. विषय तिच्याच घरातला, आजी मनकर्णाबाई. ती चुली घालायची. एके काळी करमाडच्या बाजारात तिच्या चुली हातोहात जात. आता गॅस आला, आणि तिच्याकडे मातीबरोबर वेळही भरपूर होता. बावीस मिनिटं ती बोलली. शिवराजनं कॅमेरा धरला, गोकुळनं प्रश्न विचारले, अमृतानं निवेदन केलं. तनुजानं बाविसाची तीन मिनिटं केली: माती, भुसा, शेण, चुलीशेजारचा वैल, सुकवणं. बाईंनी वर्गात दाखवलं आणि संकलन कसं असावं, तर असं असावं म्हणून सांगितलं. संकलनाचे आठपैकी आठ. टॅब रिकामा होऊन पुढच्या गटाकडे गेला.

त्यानंतर सतराव्या दिवशी मनकर्णाबाई गेली. झोपेतच, कुणाला त्रास न देता.

दहाव्यानंतर तनुजा शाळेत आली ती थेट शिक्षकखोलीत. बाई वह्या तपासत होत्या.

"बाई, आजीचं बाकीचं कुठं असंल?"

बाईंना आधी कळलंच नाही. मग कळलं. त्यांनी टॅब काढला, कपाट उघडलं, शाळेच्या कॉम्प्युटरवर शोधलं, गावात मोबाईल दुरुस्त करणाऱ्या अभयलाही दाखवून आणलं. अभय म्हणाला की नंतर तीन गटांनी त्यावर चित्रण केलंय, आता काही निघणार नाही. काम चोख झालं होतं. कागदात लिहिल्याप्रमाणे.

"तू घरच्या फोनवर घेतलं नाहीस?" विचारता विचारताच बाईंना आपला नियम आठवला.

"नाय. तुम्हीच नको म्हणला."

यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर बाईंना बरं वाटलं असतं.

मग तनुजानं संकलनाची नोंद मागितली. ती गुणांच्या फायलीत होती. फाईल तीन वर्षं ठेवायची असते. बाईंनी ती काढली, आणि देण्याआधी वाचली. पहिल्यांदा वाचली तेव्हा फक्त रकाने भरलेत का, ते पाहिलं होतं.

मिनिट २. आजी कॅमेऱ्याला विचारते, जेवला का रं. विषयाशी संबंध नाही.

मिनिट ६. आजी आजोबांची नक्कल करते. सगळे हसतात. विषयाशी संबंध नाही.

मिनिट ११. आजी मला तने म्हणते आणि केस बांध म्हणते. विषयाशी संबंध नाही.

मिनिट १९. आजी ओवी म्हणते, मध्येच विसरते, परत म्हणते. लई लांब आहे.

शेवटच्या ओळीशेजारी बाईंचीच लाल बरोबरची खूण होती, आणि शेरा: योग्य निर्णय.

बाईंनी झेरॉक्स काढून फायलीत लावली आणि मूळ कागद तनुजाला दिला. तिनं तो घडी न घालता भूगोलाच्या वहीत सपाट ठेवला.

"बाई, ओवी कोणती व्हती ते लिवायचं राह्यलं," ती म्हणाली. "त्याचा रकाना नव्हता."

ती गेली. बाईंनी पुढच्या वर्षीचा कागद काढला, ठळक ओळ खोडली आणि तिच्या जागी लिहिलं: मूळ चित्रण जपून ठेवावं. समोर किती गुण लिहायचे, ते त्यांना एसटी येईपर्यंत सुचलं नाही.