अनसूयावहिनींची कपडे वाळवायची जाळी

अमरावतीतल्या आमच्या सोसायटीत अनसूयावहिनी शेजारच्या ब्लॉकमध्ये राहत. त्यांचे यजमान हरिहरराव अकोल्याला शिक्षक. ते शनिवारी येत. एरवी घरात वहिनी आणि सासरे बापूसाहेब. बापूसाहेब जुने वकील, सोसायटीचे नियमही त्यांनीच लिहून दिलेले.

आजारपणानंतर बापूसाहेबांना रात्री अंथरूण ओलं झालेलं कळत नसे. वहिनी उजाडायच्या आत चादरी धुवत आणि आतल्या खोलीतच दोरीवर टाकत. अंगणातल्या सामाईक दोऱ्यांवर चादरी रोज दिसल्या, तर सल्ला विचारायला येणारी माणसं काय ते समजली असती. पण खोलीत चादरी दमट राहत. बापूसाहेबांच्या पाठीवर चट्टे उठू लागले.

म्हणून वहिनींनी गॅलरीच्या भिंतीला लोखंडी जाळीची चौकट बसवायची परवानगी मागितली. मी नुकताच ओव्हरसियर झालेलो. नकाशा मी काढला. भिंतीत ब्रॅकेट, त्यावर गजांची जाळी, खाली ठिबकणारं पाणी झेलायला पन्हळ. समोरून आडोशाला पत्रा हवा, असं वहिनींनी सांगितलं. मी तोही दाखवला.

सेक्रेटरी चिंतामणराव म्हणाले, "वहिनी, भिंत सोसायटीची. खालच्या ब्लॉकची हरकत नाही असं लिहून आणा. आणि अर्जावर मेंबरची सही लागते. मेंबर बापूसाहेब आहेत."

खालचे खुशालराव तिवशाचे शेतकरी, पोरांच्या शाळेसाठी इथं आलेले. त्यांनी लगेच सही केली. "पानी पडलं तं पडू द्या, बाई. वावरात पडत नाई, इथं तरी पडन."

सासऱ्यांपुढे अर्ज न्यायचा मात्र वहिनींना धीर होईना. शेवटी नकाशा समजावायला म्हणून मला सोबत घेतलं.

बापूसाहेबांनी चष्मा लावून अर्जातलं कारण मोठ्यानं वाचलं. "'पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत.' सूनबाई, हा माघ आहे. माझ्याच नियमाखाली असला अर्ज मी तरी मंजूर केला असता का?"

बापूसाहेबांनी पेन मागितलं, ती ओळ खोडली आणि वर लिहिलं, 'आजारामुळे सभासदाचे अंथरूण रोज धुवावे लागते.'

"मामंजी, हे कमिटीत वाचतील."

"वाचू दे. नळाचा आवाज होऊ नये म्हणून तू धार बारीक सोडतेस. मला पहाटे झोप कुठे असते, पोरी? रोज ऐकून राहिलो मी."

वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. बापूसाहेब नकाशाकडे वळले.

"ओव्हरसियर, हा पत्रा कशाला?"

मी वहिनींकडे पाहिलं.

"ऊन अडवतो की नाही?"

"अडवतो."

"मग काढून टाका."

मी पत्रा खोडला. त्यांनी नकाशावर सही केली, मग अर्जावर.

कमिटीनं परवानगी दिली: खर्च सभासदाचा, लोखंडाला रंग, भिंतीच्या दुरुस्तीच्या वेळी जाळी उतरवायची. होळीच्या आधी ती बसली. त्या दिवशी वहिनींनी चहा झाल्यावर, चांगल्या उन्हात, चादरी धुवायला घेतल्या.