चांगल्याच्या रकान्यातली चिठ्ठी

परळला गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये आमचं सॉफ्टवेअरचं ऑफिस आहे. दर शुक्रवारी चार वाजता टीमचा रेट्रो असतो. आठवड्यात काय चुकलं, काय चांगलं झालं आणि पुढच्या आठवड्यात कोणता एक बदल करायचा, ते प्रत्येकाने बिननावाच्या चिठ्ठ्यांवर लिहून फळ्यावर चिकटवायचं. कुणा माणसावर बोट ठेवायचं नाही. हा नियम माझाच, कारण टीम लीड मी.

त्या बुधवारी आमचं दवाखान्यांच्या अपॉइंटमेंटचं ॲप दोन तास बंद पडलं होतं. टीममधल्या एका मुलीने नवा कोड न तपासताच चढवला, एवढंच सगळ्यांना माहीत होतं. आदल्या दिवशी चहाच्या टपरीवर "टेस्टिंग राहू दे गं, मी बघून घेतो," असं मीच तिला म्हणालो होतो, ते फक्त आम्हा दोघांना माहीत होतं.

शुक्रवारी फळ्यावर 'काय चुकलं'खाली तिचं अक्षर मी ओळखलं. 'मी तपासलं नाही.'

बोल की आता मेल्या, असं मी स्वतःला म्हटलं. घसाही खाकरला. आणि तोंडातून काय निघालं? "बदल ठरवूया. यापुढे दुसऱ्याने तपासल्याशिवाय कोड चढवायचा नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. तिनेसुद्धा.

चुकांवरच वेळ गेल्यामुळे चांगलं वाचायचं राहिलं. सगळे गेल्यावर मी चिठ्ठ्या काढायला लागलो. 'काय चांगलं झालं'खाली एकच चिठ्ठी होती, तिच्याच अक्षरातली.

'माझी एवढी चूक होऊनही सर मला एका शब्दाने बोलले नाहीत.'