सिस्टरच्या आईला कळेल असं इंग्रजी

आमच्या माळ्यांच्या वस्तीत इंग्रजी वाचता-लिहिता येणारी मी एकटीच मुलगी होते, त्यामुळे माझं इंग्रजी कसं आहे हे ताडून बघायला दुसरं कुणी नव्हतंच. बाबा बाजारात वांगी विकता विकता गिऱ्हाइकाला सांगायचे, "आमची पोरगी साहेबाले पत्र लिहिते." साहेबाला मी जन्मात पत्र लिहिलं नव्हतं. पण बाबांना खोटं पाडायचं कशाला, म्हणून मी अमरावतीच्या जनाना दवाखान्यात लिहिण्याचं काम धरलं. तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं, आणि इंग्रजी लिहिणाऱ्या बाईकडे लोक असे बघत जणू काही तिच्या पदराखाली पिस्तूल आहे.

दवाखाना बायांचा. डॉक्टरबाई पुण्याकडच्या, विधवा, उंच, बोलायला कडक. वर्षाला थोडी मदत विलायतेतल्या बायांच्या एका मंडळाकडून यायची, आणि त्या बदल्यात त्यांना वर्षभराचा अहवाल छापून पाठवायचा असायचा. तो अहवाल लिहिणारी मी. डॉक्टरबाईंना त्या वर्षी एकच गोष्ट हवी होती, शिकलेली सुईण. त्या मोर्शीकडच्या खेड्यांत गेल्या की दवाखान्यात अडलेल्या बाईला हात लावणारं कुणी उरायचं नाही. नातेवाईक बैलगाडी तशीच परत वळवायचे. सुईणीचा पगार मंडळाने द्यावा, एवढंच मागणं.

मी पहिला अहवाल लिहिला. काय लिहिला होता! शब्द असे ठासून भरले होते, जसं करंजीत सारण भरावं. डॉक्टर 'आउट ऑफ स्टेशन' असताना दवाखान्याच्या कमिटीने प्रश्नावर 'डिस्कस अबाउट' केलं, मग सभा 'प्रीपोन' केली. 'पोस्टपोन' म्हणजे पुढे ढकलणं, तर अलीकडे ओढण्याला काय म्हणावं, म्हणून तो शब्द मीच बसून तयार केला होता. आज सगळं गाव तो वापरतं. माझं नाव कुणी घेत नाही, ते एक असो.

मंडळाचं उत्तर आलं. सभेला काय झालं, हे 'प्रीपोन' काही औषध आहे का, हा त्यांचा प्रश्न सोडून देता आला असता. पण पुढे त्यांनी विचारलं होतं, की तुमची डॉक्टर कोणत्या स्टेशनात असते? दवाखाना रेल्वेचा असेल, तर सुईणीचा पगार रेल्वेने द्यावा.

सुईण गेली. माझ्या स्टेशनाने खाल्ली.

"पोरी," डॉक्टरबाई म्हणाल्या, "आपण आपापसात काहीही म्हणू. वाचणारी बाई तिकडे बसलेली आहे. तिला कळलं पाहिजे."

मला मात्र वाटलं, त्या बायांनी मुद्दाम वेड पांघरलं. पैसे द्यायचे नसले की माणसाला साधी गोष्टही कळत नाही.

त्याच हंगामात दवाखान्याला सिस्टर आली. गोरी, नाकावर ठिपके, बोटीतून उतरून थेट अमरावतीच्या उन्हात. बाळंतपणाचं तिला काही येत नसे. औषधांची कपाटं, उकळलेलं पाणी, चादरी हा तिचा प्रांत. डॉक्टरबाईंना युक्ती सुचली. मी लिहायचं आणि सिस्टरला वाचायला द्यायचं. जिथे ती अडेल तिथे बदलायचं.

सुरुवातीला ती पावलोपावली अडली. दवाखान्याच्या 'बॅकसाइड'ला विहीर आहे अशी पाटी मी लिहिली होती. ती वाचून सिस्टर भिंतीला टेकून इतकी हसली की कंपाउंडर पाणी घेऊन धावला. त्या शब्दाचा त्यांच्याकडचा अर्थ कळल्यावर मी दोन दिवस तिच्यासमोर पाठ करून उभी राहिले नाही. 'डिस्कस' म्हटलं की 'अबाउट' लागत नाही, त्यात 'च्याबद्दल' आधीच आलं, हे तिनेच सांगितलं. मी मान डोलवली आणि मनात म्हटलं, एक शब्द जास्त दिला तर हिचं काय जातं?

वर्ष सरत आलं. दुसरा अहवाल मी लिहिला, अडेल तिथे ती सांगेलच म्हणून माझे जुने शब्द तसेच राहू दिले, आणि तिच्या हातात ठेवला. तिने सगळा वाचला, चहाचा कप मागवला, आणि म्हणाली, "छान आहे. सगळं स्पष्ट आहे."

एकही खूण नाही!

मला तिथेच शंका आली. माणूस एका वर्षात एवढा सुधारत नाही, निदान मी तरी नाही. घरी आईला म्हटलं, "सिस्टरच्या मनात काही तरी आहे."

आई भेंडी चिरत होती. "काहून? तुले शाबासकी देल्ली म्हणून?"

"सुईण आली तर तिला सिस्टरच्या बंगलीत राहावं लागेल. दोनच खोल्या आहेत. एक सोडावी लागेल ना!"

"मंग?"

"मग अहवाल बिघडला तर तिलाच बरं."

"अवो बापा," आई म्हणाली, "पोलिसात जाय तू."

मी पोलिसात गेले नाही, पण पाळत ठेवली. सिस्टर त्या दुसऱ्या खोलीकडे कशी बघते, तिथे ट्रंक हलवते का, नवा पडदा लावते का. तिने लावला. हिरवा. माझी खात्रीच झाली. बाबांनी पाठवलेली वांगी मी तिला दिली ती हातात न देता पायरीवर ठेवली, हा माझा निषेध. तिने आनंदाने उचलली आणि भरीत केलं.

छपाई अकोल्याला. आम्ही दोघी बडनेऱ्याहून गाडीने गेलो. वाटेत सिस्टर शेजारच्या बाईशी बोरांवरून बोलत होती, "मले द्या, मले द्या," करत. मी मुकाट्याने बसून तिचे डाव मोजत होते.

छापखान्याचे मालक जाड भिंगाच्या चष्म्याचे, हातावर शाई, अंगात अभिमान की आपण इंग्रजीही छापतो. कच्चा छाप त्यांनी आमच्यापुढे पसरला. पान एक कमी पडत होतं, काही मजकूर कमी करावा का, असं त्यांनी विचारलं. हे डॉक्टरबाईंनाच विचारायला हवं होतं, पण त्या खेड्यात. तेव्हा सिस्टरने कपाळावरचा घाम पुसला आणि अगदी सहज, इंग्रजीत, मालकांना म्हणाली, डॉक्टर आउट ऑफ स्टेशन आहेत, तुम्ही माझ्याशी डिस्कस अबाउट करा.

मालकांनी मान हलवली. त्यांना सगळं कळलं. त्या खोलीत न कळण्यासारखं काही नव्हतंच.

मी मात्र स्टुलावर बसले. पडदा, खोली, डाव, माझा सगळा तपास वाहून गेला. बाई काही लपवत नव्हती. बाई आमची झाली होती! वर्षभर आमच्यात राहून, आमचं ऐकून, तिला आता काहीच अडत नव्हतं. आणि आम्ही तिलाच चाळणी म्हणून वापरत होतो.

"सिस्टर," मी म्हटलं, "तुम्ही आत्ता काय म्हणालात?"

"काय म्हणाले?"

मी तिला तिचंच वाक्य ऐकवलं. ती आधी हसली, मग तिचा चेहरा उतरला. "मी हे म्हणाले?" तिने छाप पुन्हा उचलला, वाचला, खाली ठेवला. "मला हे सगळं बरोबरच वाटतंय," ती घाबरून म्हणाली. "मला आता कळतच नाही."

"तुमच्या आई कुठे असतात?"

"गावात. तिने समुद्रसुद्धा एकदाच पाहिलाय."

"मग त्या वाचतात असं समजा. तुम्ही गप्प बसा, त्यांना वाचू द्या."

सिस्टरने डोळे मिटले, उघडले, आणि मोठ्याने वाचायला लागली. मध्येच थांबून ती वेगळ्याच, चिरक्या आवाजात विचारायची, 'कोणतं स्टेशन गं?' 'सभा काय केली?' 'एक लाख म्हणजे किती?' प्रत्येक प्रश्नाला मी पेन्सिलीची रेघ मारली. प्रीपोनवर मारताना हात जड झाला. तिथे लिहिलं, सभा ठरल्यापेक्षा आठवडाभर आधी घेतली. लांबलचक, बेचव, पण सिस्टरच्या आईने ते गिळलं.

मालक बघत राहिले. "बाई, हे अक्षराचे खिळे चिमट्यानं एक एक काढा लागन. अन् समोरची ओळ पुरी हालन. काहून बदलून राहिल्या? चांगलं इंग्रजी होतं."

"त्यांच्या आईला कळत नाही."

"आई कुठी आहे?"

"विलायतेत."

ते खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरकडे वळून पुटपुटले, "ह्या अमरावतीच्या बाया..."

'आउट ऑफ स्टेशन' काढलं आणि तिथे काय लिहायचं हा प्रश्न आला. मी म्हटलं, डॉक्टर गावाला गेल्या होत्या. सिस्टरच्या आईने विचारलं, कुठे? मोर्शीकडे, खेड्यांत. मग दवाखान्यात कोण होतं? कोणी नाही. अडलेल्या बायांचं काय झालं? परत गेल्या.

आम्ही तेच लिहिलं. दुरुस्त छाप घेऊन परत आलो. डॉक्टरबाईंनी ते वाक्य वाचलं आणि चष्मा काढला.

"हे कुणी सांगितलं लिहायला? डॉक्टर जागेवर नसते, बाया परत जातात, हे आपणच त्यांना कळवायचं? उद्या विचारतील, मग ही पगार कशाचा घेते!"

"आधीही तेच लिहिलं होतं, बाई," मी म्हटलं.

"आधी कळत नव्हतं!" त्या ओरडल्या, आणि चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

मला तेव्हा डॉक्टरबाईंचाही संशय आला. त्या शब्दाच्या आड उभं राहणं त्यांना बरं वाटत असावं. आमच्याकडच्या कचेऱ्यांत साहेब आउट ऑफ स्टेशन असला की तो कुठे गेला हे कुणी विचारत नाही. ती सवय त्यांनाही होती.

सिस्टर हळूच म्हणाली, "माझी आई विचारेल, सुईण कशाला हवी? हे वाक्य काढलं तर तिला उत्तर मिळत नाही."

डॉक्टरबाई खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. ओट्यावर एक गरोदर बाई सासूबरोबर वाट बघत होती. "राहू दे," त्या म्हणाल्या. "पण त्यापुढे लिहा, त्या खेड्यांत मी काय केलं तेही. गावोगाव. तुमच्या आईला सगळंच कळू दे."

तेवढी जागा नव्हती, म्हणून मंडळाच्या थोरवीचा माझा एक परिच्छेद कापला. तो फार सुंदर होता. आजही मला तोंडपाठ आहे, पण कुणी म्हणून दाखव म्हणत नाही.

उत्तर येईपर्यंत आम्ही तिघी एकमेकींकडे तिरप्या नजरेने बघत होतो. डॉक्टरबाईंना वाटायचं, आम्ही त्यांची बेइज्जती केली. सिस्टरला वाटायचं, आपली भाषाच हरवली. मला वाटायचं, दोघी मिळून शेवटी दोष माझ्यावर टाकणार. टपालवाला फाटकाशी आला की तिघी तीन खिडक्यांत.

मंडळाने लिहिलं, की तुमच्या डॉक्टर किती गावांना जातात हे आम्हाला पहिल्यांदाच समजलं, आणि त्या गेल्यावर दवाखाना रिकामा राहतो हेही. सुईणीचा पगार एका वर्षासाठी मंजूर.

"एकाच वर्षासाठी," डॉक्टरबाई म्हणाल्या. "विश्वास नाही त्यांचा." पण पत्र त्यांनी हातातून सोडलं नाही.

सुईण नागपूरहून आली. जाडजूड, पान खाणारी, हिरव्या पडद्याच्या खोलीत राहायला. तो पडदा सिस्टरने तिच्यासाठीच लावला होता की काय, हे मी कधी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरबाई पेटी घेऊन टांग्यात बसल्या, मोर्शीच्या रस्त्याला लागल्या. दुपारी फाटकात बैलगाडी थांबली, आत अडलेली बाई. गाडीवानाने नेहमीसारखं विचारलं, "डॉक्टरीण आहे का?"

"नाही," मी म्हटलं.

त्याने बैल वळवायला कासरा ओढला.

"थांब ना बाबा," मी म्हटलं, "उतरव तिले. सुईण आहे."